केस स्टडी लिहिताना: शिलाई करणाऱ्या एका बाईंची गोष्ट आणि तिचा हिशेब

(बेळगावात सामाजिक संस्थांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेलं भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार. इथं बसलेले बरेच जण खानापूर, निपाणी, हुक्केरी, चिकोडी, सौंदत्ती भागात काम करतात आणि मार्च जवळ आला की सगळ्यांना एकच फोन येतो, "ताई, दोन केस स्टडी पाठवा, फोटोसकट, शुक्रवारपर्यंत." मग आपण घाईघाईत कुणाच्या तरी घरी जातो, चहा होतो, अर्धा तास बोलणं होतं, फोटो काढतो, कागदावर सही घेतो आणि रात्री बसून लिहितो. त्या अर्ध्या तासात नेमकं काय काय व्हायला पाहिजे आणि त्याच्या आधी नि नंतर काय व्हायला पाहिजे, एवढंच आज बोलणार आहे. एकच उदाहरण घेते आणि शेवटपर्यंत तेच धरून चालते.

उदाहरण शिलाईचं. ही बाई म्हणजे कुणी एक बाई नाही हे आधीच सांगते, मी ज्यांच्याशी बोलले त्यातल्या तिघी-चौघींचं मिळून हे उदाहरण केलंय आणि आकडे सोयीसाठी धरलेत. हे सांगणं गरजेचं आहे, कारण आपण लिहितानाही दोघी-तिघींची मिळून एक गोष्ट केली तर वाचणाऱ्याला तसं सांगावं लागतं, खाली बारीक अक्षरात नाही, पहिल्याच परिच्छेदात.

तर खानापूर तालुक्यातलं एक गाव, शंभर-सव्वाशे उंबऱ्याचं. संस्थेनं सहा महिन्यांचा शिलाई वर्ग चालवला. ही बाई वर्गात शिकली, हप्त्यावर मशीन घेतली, आता घरी ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. आपल्याकडे तिच्यावर साधारण असं लिहिलं जातं:

"अत्यंत गरीब कुटुंबातील, अल्पशिक्षित, दोन मुलींची आई असलेली ही महिला दारुड्या नवऱ्याच्या छळाने पूर्णपणे खचली होती. तिच्यासमोर अंधार होता. संस्थेने तिला आधार दिला आणि तिचे आयुष्य बदलले. आज ती महिन्याला 9,000 रुपये कमावते व स्वतःच्या पायावर उभी आहे."

नाव बदललेलं आहे, फोटोत चेहरा नाही, सही आहे. कागदोपत्री सगळं बरोबर. आता हा मजकूर जरा नीट बघूया.

पहिली गोष्ट, नाव बदललं म्हणून ती लपली का? सव्वाशे घरांच्या गावात दोन मुली असलेली, नवरा पिणारा, शिलाईच्या वर्गाला गेलेली आणि मशीन घेतलेली बाई किती असतील? एकच असेल, फार तर दोन. म्हणजे नाव "सुनीता" लिहा नाहीतर "अनिता" लिहा, गावात ज्याच्या फोनवर हा मजकूर जाईल त्याला दुसऱ्या ओळीत कळणार ही कोण ते. आणि मजकूर फोनवर जातोच, तो इंग्रजीत असला तरी जातो, आजकाल फोनच त्याचं मराठी नि कन्नड करून दाखवतो. कुणाचा तरी भाचा पुण्यात असतो, तो गावच्या ग्रुपवर टाकतो, "आपल्या गावाचं नाव आलंय बघा." तिच्या नवऱ्याला, सासूला, शाळेत जाणाऱ्या मुलीला ते दुसऱ्याकडून समजतं.

म्हणून मी एक साधी तपासणी करते. गोष्टीत दिलेल्या सगळ्या खुणा एका कागदावर मांडायच्या, तालुका, गाव, वय, मुलं, धंदा, नवऱ्याचं काय, आजार, जात, कुठल्या वर्षी काय झालं. मग त्या भागात काम करणाऱ्या कार्यकर्तीला विचारायचं की या सगळ्या खुणा एकत्र किती घरांना लागू पडतात. गोष्ट कुणाची ते सांगायचं नाही, नुसती मोजणी. पाच-सात घरांच्या खाली आकडा आला की खुणा कमी करायच्या, आणि सगळ्यात आधी काढायचं ते गाव. गावाऐवजी तालुका लिहिला की बहुतेक वेळा प्रश्न मिटतो. मुलींची संख्या काढली तर गोष्टीचं काही बिघडत नाही. नवऱ्याचं पिणं काढायचं की नाही हे मात्र आपण ठरवायचं नाही, ते तिनं ठरवायचं, त्याच्याकडे मी येते.

फोटोचंही तसंच. चेहरा नसला तरी मागं दुकानाची पाटी दिसते, मुलीच्या युनिफॉर्मवर शाळेचा बॅज दिसतो, भिंतीवर फ्रेम केलेलं लग्नाचं छायाचित्र दिसतं. फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाईलमध्येच जागा नोंदलेली असते, व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती सहसा निघून जाते पण डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर तशीच राहते, आणि आपण तर क्वालिटी चांगली पाहिजे म्हणून डॉक्युमेंटच पाठवतो. तेव्हा फोटो काढायच्या आधी कॅमेऱ्याचं लोकेशन बंद करा आणि मागची भिंत बघा.

आता सही. आपल्याकडे सही कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे. मशीन वाटपाचा कार्यक्रम असतो, रजिस्टरवर सह्या चाललेल्या असतात, त्यातच एक कागद सरकवला जातो, "इथंबी एक सही करा अक्का." कागद इंग्रजीत, नाहीतर कन्नडात, बाई मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. कधी उलटं असतं, बाई कन्नड घरातली आणि कागद मराठीत. आणि विचारणारी कोण, तर जिच्या हातात मशीनची यादी आहे तीच ताई. नाही म्हणायची सोयच नाही त्यात. बाईला वाटतं नाही म्हटलं तर नाव कटेल, पुढच्या कर्जाला आपलं नाव मागं जाईल. कुणी धमकी दिलेली नसते, पण तिचा अनुभव तिला हेच सांगतो.

मग काय करायचं? वाटपाच्या दिवशी विचारायचंच नाही. विचारणारी व्यक्ती वर्ग चालवणारी किंवा कर्ज देणारी नको, ऑफिसातली दुसरी कुणी गेली तर बरं. आधी नुसतं सांगून यायचं, आणि सांगताना छापलेली जुनी एक गोष्ट हातात घेऊन जायचं, नेटवर कशी दिसते ती फोनवर दाखवायची, कारण "आम्ही तुमच्यावर लिहिणार" म्हटलं की तिच्या डोळ्यासमोर पेपर येतो, जो दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो, नेटवरचं वर्षानुवर्षं राहतं हे तिला दाखवल्याशिवाय कळायचं नाही. कोण वाचणार हेही सांगायचं, पैसे देणारे वाचणार, अनोळखी लोक वाचणार, आणि तुमच्या गावातलेही वाचू शकतात. मग चार-पाच दिवस जाऊ द्यायचे. बाई घरात बोलते, शेजारणीशी बोलते, विचार करते. एका बाईनं मला असंच चार दिवसांनी सांगितलं होतं, "ताई, माझं कामाचं लिवा, फॉल-पिको करालोय ते लिवा, पण घरातलं काय नको, पोरगीचं लगीन व्हायचंय." हे पहिल्या दिवशी तिच्या तोंडून आलं नसतं.

संमती एक हो किंवा नाही असा प्रश्न ठेवला की घोळ होतो. ती तुकड्यातुकड्यानं विचारायला लागते. खरं नाव चालेल का, बदललेलं पाहिजे? चेहरा चालेल का, की हात नि मशीन एवढंच? गावाचं नाव? घरातल्या कुठल्या गोष्टी लिहायच्या, कुठल्या नाही? नेटवर टाकायचं, की देणगीदारांच्या अहवालापुरतं, की पैसे मागायच्या जाहिरातीतही चालेल? हा शेवटचा प्रश्न आपण नेहमी गाळतो आणि तोच सगळ्यात नाजूक आहे, कारण अहवालात फोटो असणं वेगळं आणि "500 रुपये द्या" च्या वर आपला फोटो असणं वेगळं. काही बायकांना खरं नाव नि चेहरा दोन्ही पाहिजे असतं, अभिमानानं, ती म्हणते माझंच नाव टाका, मी केलंय. तेव्हा आपण उगीच नाव झाकू नये. तिला धोके नीट सांगितले आणि तरी ती नाव टाका म्हणाली तर टाकायचं.

वाचता येत नसेल तर कागद मोठ्यानं वाचून दाखवायचा, तिच्या भाषेत, आणि शेवटी विचारायचं, "तुम्हाला काय समजलं ते मला सांगा बघू." तिनं स्वतःच्या शब्दांत सांगितलं की लगेच कळतं काय पोचलंय आणि काय नाही. अंगठा घेण्यापेक्षा हे तिचं सांगणं फोनवर रेकॉर्ड करून ठेवलेलं जास्त कामाचं, अर्थात रेकॉर्ड करतोय हे सांगून. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय, त्यातही माहिती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषेत मिळण्याची सोय ठेवावी लागते. मराठी आणि कन्नड दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. आपल्या भागात दोन्ही भाषांतले कागद पिशवीत असलेच पाहिजेत, आणि कुठला पाहिजे ते आपण बाईच्या नावावरून ओळखायचं नाही, विचारायचं.

त्याच कायद्यात अजून एक आहे, संमती देणं जेवढं सोपं तेवढंच ती मागं घेणंही सोपं असलं पाहिजे. आपल्याकडे देणं म्हणजे दारात येऊन सही घेणं, आणि मागं घेणं म्हणजे तिनं बेळगावच्या ऑफिसला येऊन अर्ज करणं. हे चालणार नाही. तिच्याकडे एक चिठ्ठी राहिली पाहिजे, त्यावर एक फोन नंबर, एका माणसाचं नाव, आणि किती दिवसांत काढू ते. मी सात दिवस लिहिते. पण ज्या गोष्टी परत येत नाहीत त्याही आधीच सांगायच्या, छापलेला अहवाल परत येत नाही, कुणी फॉरवर्ड केलेला फोटो परत येत नाही. "कधीपण काढून टाकू" असं वचन देऊ नका, तुम्ही तुमच्या जागेवरून काढू शकता, लोकांच्या फोनमधून नाही.

काही ठिकाणी नुसत्या नेहमीच्या सहीवर लिहिता येत नाही, ते पटकन सांगते. लैंगिक अत्याचार झालेल्या मुलाची किंवा मुलीची ओळख पटेल असं काहीही, नाव, पत्ता, शाळा, घरच्यांची माहिती, 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 23 प्रमाणे छापता येत नाही, आईनं सही दिली तरी नाही, परवानगी द्यायची तर विशेष न्यायालय देतं. बालगृहातली मुलं, बाल कल्याण समितीपुढं आलेली मुलं, त्यांना 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 74 लागू होतं. मोठ्या बायकांच्या बाबतीत बलात्काराच्या गुन्ह्यात भारतीय न्याय संहितेचं कलम 72 आहे, तिथं तिची स्वतःची लेखी परवानगी लागते. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीचं तसं असणं उघड करायला 2017 च्या कायद्यानं तिची स्वतःची समजून दिलेली संमती लागते. सौंदत्ती भागात जे काम करतात त्यांनी हे विशेष लक्षात ठेवा. देवदासी प्रथेवर कर्नाटकात कायद्यानं बंदी आहे, तरी त्या बायकांच्या आणि त्यांच्या मुलांच्या गोष्टी चेहऱ्यासकट आजही फिरतात. आईची ओळख दिली की मुलाची आपोआप दिली जाते, तो कॉलेजात जातो, त्याला नोकरी शोधायचीय, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

आता परत आपल्या शिलाईवाल्या बाईकडे. "अत्यंत गरीब", "खचली होती", "अंधार होता". हे तिनं सांगितलंय का? मी नेहमी विचारते, बाईचं बोलणं लिहून घेतलेली वही दाखवा. वहीत असतं की ती वर्गाच्या आधी रोपलावणीला, भांगलणीला जायची, काजूच्या हंगामात बिया सोलायला जायची, बचत गटाचा हिशेब तीच ठेवायची, मुलीच्या शाळेसाठी दोनदा पंचायतीत जाऊन भांडली होती. हे सगळं गोष्टीतून गायब होतं, कारण ते ठेवलं तर संस्था यायच्या आधीही बाई काहीतरी करत होती हे दिसतं. मला वाटतं मान राखणं म्हणजे सगळ्यात आधी हेच, की तिनं आपण यायच्या आधी काय केलं ते लिहिणं. नवऱ्याचं पिणं तिला लिहायचं असेल तर तिच्या शब्दांत येऊ द्या, नको असेल तर ते आपल्याला माहीतच नाही असं समजा.

आणि लिहून झालं की तिला वाचून दाखवायचं. ही पायरी वगळू नका, शुक्रवार गेला तरी चालेल. तिच्या घरी बसून, तिच्या भाषेत, अख्खं. इंग्रजीत केलेलं असेल तर त्या इंग्रजीचं परत मराठी करून वाचायचं, मूळ मराठी वाचून दाखवायचं नाही, कारण ऑफिसात इंग्रजी करताना जे रंग चढतात ते मूळ मराठीत नसतातच. वाचताना तिच्या चेहऱ्याकडं बघायचं आणि ती जिथं गप्प होते तिथं थांबायचं. बहुतेक वेळा बायका आकडा दुरुस्त करतात.

आकड्यावरच येते आता, कारण इथंच सगळ्यात जास्त गडबड होते, आणि ती कुणी मुद्दाम खोटं लिहितं म्हणून होत नाही. "महिन्याला 9,000." हा आकडा कुठून आला? आपण एप्रिलमध्ये गेलो, लग्नसराई होती, विचारलं "महिन्याला किती मिळतात?" तिनं गेल्या महिन्याचं सांगितलं. पन्नास साधे ब्लाऊज, 150 रुपये शिलाई, झाले 7,500. तीस साड्यांना फॉल-पिको, 50 रुपयांनी 1,500. बेरीज 9,000. तिनं खोटं सांगितलं नाही. पण यात दोरा, हूक, फॉलचं कापड, मशीनचं तेल, लाईट बिल धरून 1,200 गेले, मशीनचा हप्ता 1,000 गेला. हातात राहिले 6,800. आणि असे महिने वर्षात किती? लग्नसराईचे नि सणाचे धरून चार. जून ते ऑगस्ट आपल्याकडे पाऊस कसा असतो तुम्हाला माहीत आहे, खानापूर पट्ट्यात तर बाहेर पडता येत नाही, सगळ्या बायका रोपाला, ब्लाऊज कोण शिवतंय. तेव्हा खर्च नि हप्ता जाऊन 700 रुपये राहतात. असे तीन महिने. उरलेले पाच महिने मधले, समजा 3,000 राहतात. वर्षाची बेरीज करा, 27,200 अधिक 2,100 अधिक 15,000, म्हणजे 44,300. बारानं भागलं की महिना सरासरी 3,700 च्या आसपास.

अजून संपलं नाही. शिलाई करते म्हणून ती पूर्वीइतकी मजुरीला जात नाही. महिन्याचे आठ दिवस सुटले आणि मजुरी 250 धरली तर 2,000 रुपये गेले. म्हणजे घरात खरी भर पडली ती महिना 1,700 रुपयांची. 9,000 आणि 1,700. दोन्ही आकडे त्याच बाईच्या तोंडून आलेत, फक्त प्रश्न वेगळा.

कुणी म्हणेल 1,700 लिहिले तर देणगी कोण देणार. मी म्हणते 1,700 लिहा आणि त्याच्या बाजूला तिनं सांगितलेलं लिहा, की उन्हात वाकायचं काम कमी झालं, पाठ दुखायची थांबली, मुलगी शाळेतून येते तेव्हा मी घरी असतो. हे तिला पैशाइतकंच मोलाचं आहे आणि ते खरं आहे. आकडा विचारायची पद्धत म्हणाल तर "महिन्याला किती" असं विचारूच नका. "गेल्या आठवड्यात किती ब्लाऊज शिवले, कुणाकुणाचे" असं विचारा, तिची मापाची वही बघा, ती वही म्हणजे उत्तम पुरावा आहे, त्यात तारीख असते, गिऱ्हाईक असतं. आणि वर्षातून तीनदा जा, एकदा लग्नसराईत, एकदा पावसात, एकदा दिवाळीनंतर.

आता समजा आपण नीट मोजलं आणि घरात महिना 2,000 रुपये वाढलेले दिसले. ते आपल्या वर्गामुळं का? कर्नाटकात ऑगस्ट 2023 पासून गृहलक्ष्मी योजनेत घरच्या कर्त्या बाईच्या खात्यावर महिना 2,000 रुपये यायला लागले. आपला वर्ग 2023 च्या सुरुवातीला झाला असेल आणि 2024 मध्ये आपण "घरात येणारे पैसे" विचारले असतील तर तो आकडा वर्गाला न गेलेल्या बाईच्या घरातही वाढलेला असणार. तसंच 11 जून 2023 पासून शक्ती योजनेत बायकांना सरकारी साध्या बसमधून फुकट प्रवास सुरू झाला, मग बायका बेळगावात जाऊन कापड, दोरा स्वस्तात आणायला लागल्या, वर्गातली हजेरी वाढली. आपण लिहिलं, "संस्थेच्या प्रोत्साहनामुळे महिला घराबाहेर पडू लागल्या." बस फुकट झाली हे कुठं लिहिलंच नाही.

यावर उपाय म्हणून काहीजण शेजारच्या गावाशी तुलना करतात, आणि आपल्याकडे शेजारचं गाव पुष्कळदा महाराष्ट्रात असतं, चंदगडात, गडहिंग्लजात, कागलमध्ये. लोक तेच, भाषा तीच, सोयरीक होते, म्हणून वाटतं तुलना चांगली होईल. पण तिकडं जुलै 2024 पासून लाडकी बहीण योजनेचे 1,500 रुपये सुरू झाले, त्याचे नियम वेगळे, आधी काही नव्हतं, नंतर आलं. सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची बाई एकाच वर्षात वेगवेगळ्या सरकारचे वेगवेगळे पैसे घेत असते, त्यामुळं त्या तुलनेतून तुमच्या वर्गाबद्दल काही कळणार नाही.

मग सोपं काय आहे? वेटिंग लिस्ट. चाळीस जागा होत्या, साठ बायकांनी नावं दिली, वीस जणी पुढच्या बॅचला थांबल्या. त्या वीस जणी त्याच गावच्या, त्यांनाही शिकायची तेवढीच इच्छा होती, त्यांनाही गृहलक्ष्मी मिळते, बस फुकट आहे. त्यांना तेच प्रश्न विचारा. वर्ग झालेल्यांच्या घरात 2,000 वाढले आणि थांबलेल्यांच्या घरात 1,600 वाढले तर तुमच्या वर्गाचा वाटा फार तर 400 च्या आसपास. वीस बायका म्हणजे काही संशोधन नाही, दोन-तीन घरांत काही वेगळं घडलं तरी आकडा हलतो, आणि थांबलेल्या बायका कुणाच्या ओळखीमुळं मागं राहिल्या नाहीत ना, हेही बघावं लागतं. तरी काहीच तुलना नसण्यापेक्षा हे पुष्कळ आहे आणि याला पैसे लागत नाहीत, नावं तर रजिस्टरात आहेतच.

आणि चाळीसचं काय झालं ते लिहा. समजा चाळीसपैकी एकतीस जणींनी वर्ग पुरा केला, वर्षानंतर चौदा जणी पैसे घेऊन शिवतात, बाकीच्या घरचं शिवतात किंवा मशीन झाकून ठेवलीय. आपल्या गोष्टीतली बाई त्या चौदांपैकी एक आहे. हे तिच्या गोष्टीतच यायला हवं, वेगळ्या तक्त्यात नाही. ज्या नऊ जणींनी वर्ग सोडला त्यांच्याकडे एकदा जाऊन या, कारण ऐकण्यासारखी असतात, एकीच्या घरी दुपारची वेळ जमत नव्हती, एकीला डोळ्यांना दिसत नव्हतं आणि चष्म्याचं कुणी विचारलं नव्हतं. गोष्टीसाठी बाई कशी निवडली तेही लिहा. सगळ्यात चांगली निवडली असेल तर तसं लिहा. मला विचाराल तर रजिस्टरमधलं दर दहावं नाव काढून त्यातल्या जी हो म्हणेल तिच्यावर लिहावं.

आता तोच मजकूर असा होतो, ऐका:

"खानापूर तालुक्यातल्या या ताई आधी रोपलावणी नि भांगलणीला जायच्या आणि बचत गटाचा हिशेब ठेवायच्या. 2023 मध्ये शिलाईच्या वर्गात चाळीस जणी होत्या, एकतीस जणींनी तो पुरा केला आणि वर्षानंतर चौदा जणी शिलाईचे पैसे घेतात, त्यातल्या या एक, आमच्या विनंतीवरून बोलायला तयार झालेल्या. लग्नसराईत त्यांच्या हातात सहा-सात हजार राहतात, पावसाळ्यात हजाराच्या आत. मजुरी कमी झाली ते वजा केलं तर वर्षाच्या सरासरीनं महिना सुमारे 1,700 रुपयांची भर पडली. याच काळात त्यांना गृहलक्ष्मीचे 2,000 रुपयेही सुरू झाले, ते यात धरलेले नाहीत. 'मुलगी शाळेतून येते तेव्हा मी घरात असतो,' असं त्या सांगतात. त्यांच्या इच्छेनुसार नाव आणि गाव दिलेलं नाही. हा मजकूर त्यांना वाचून दाखवला आहे."

एवढंच. हे वाचताना त्या ताईंना गल्लीत मान खाली घालावी लागणार नाही.

प्रश्नांपैकी एकच घेते, मागून कुणीतरी विचारलंय की जुन्या शंभर-दीडशे गोष्टी नेटवर पडून आहेत, त्यांचं काय करायचं, सगळ्यांकडे परत जाणं शक्य नाही. एका दिवसात सगळं होणार नाही, पण क्रम लावता येतो. पहिल्यांदा मुलांचे चेहरे असलेल्या सगळ्या गोष्टी उतरवा, कागद शोधत बसू नका, आधी उतरवा. मग आजार, अत्याचार, देवदासी, दारू, कोर्टकचेरी यातलं काहीही असलेल्या. त्यानंतर ज्यांचा संमतीचा कागद सापडत नाही त्या. उरतील त्या बहुतेक कामाच्या, साध्या गोष्टी, त्यातल्या बायकांना पुढच्या वेळी त्या गावात जाल तेव्हा भेटा, फोनवर त्यांची गोष्ट दाखवा आणि ठेवायची का विचारा. आणि इथून पुढं प्रत्येक संमतीवर दोन वर्षांची मुदत लिहा, मुदत संपली की परत विचारायचं, नाहीतर उतरवायची. ऑफिसात कुणा एकाच्या नावावर ही यादी ठेवा, "सगळ्यांनी बघा" म्हटलं की कुणीच बघत नाही.